आवाजाला चांदणी नसते

सुरतेजवळच्या चलथाणला माझ्या भाच्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिकडे खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं पुष्कळ, म्हणून दारावरच्या स्पीकरवर गुजरातीबरोबर मराठी जाहिरातही हवी होती. मी बेळगावात लग्नसमारंभांचं निवेदन करते. तेव्हा ‘मावशी, तूच लिही, तूच बोल’ असा हुकूम आला.

सावकाश बोललं तर 30 सेकंदांत 60-65 शब्द मावतात. त्याने पाठवलेला मजकूर दुपटीहून मोठा, आणि त्यात ‘झटपट सेवा, पूर्ण वॉरंटी, वाजवी दर’! छापील जाहिरातीत शब्दावर चांदणी टाकून खाली बारीक अक्षरांत अटी देता येतात. आवाजाला ती सोय नाही. अट त्याच वाक्यात बोलावी लागते.

म्हणून फोनवर खोदून विचारलं. झटपट म्हणजे किती? स्क्रीन किंवा बॅटरी दुकानात असेल तर तासाभरात बदलून होते. पाण्यात पडलेल्या फोनचं तसं नाही. बोर्ड उघडून, साफ करून, वाळवून पाहावा लागतो, आणि आज सुरू झालेला फोन आतून गंजून आठवड्याने पुन्हा बंद पडू शकतो. ‘लगेच’ हा शब्द मी काढूनच टाकला. आपल्याकडे सकाळी ‘ईग कोडतीनि’ म्हणणारा दुकानदार संध्याकाळीही तेच म्हणतो, हे तुम्हाला मी काय सांगावं!

दरांची गोष्ट जास्त नाजूक. एकाच फोनला कंपनीची स्क्रीन बसते आणि स्वस्तातली कॉपीही. कॉपीत रंग फिके दिसतात, कधी बोटाचा स्पर्श अडखळतो. स्पीकरवर कॉपीचा आकडा सांगावा, तर गिऱ्हाईक कंपनीची समजून येणार आणि गल्ल्यावर भांडण. म्हणून आकडा नाही, पद्धत सांगायची. शेवटी असं झालं:

‘स्क्रीन फुटली? बॅटरी टिकत नाही? सुटा भाग दुकानात असेल, तर तासाभरात बदलून देऊ, तुमच्यासमोर. फोन पाण्यात पडलाय? आधी तपासू, मगच दिवस सांगू. कंपनीचा भाग आणि कॉपी, दोन्हींची किंमत आधी लिहून देऊ. तुम्ही हो म्हटल्यावरच काम सुरू. बसवलेल्या भागाला तीन महिने वॉरंटी. फुटला किंवा भिजला, तर नाही. बिल जपून ठेवा.’

‘जाहिरातीत नकार कशाला?’ भाचा कुरकुरला. निदान ते वाक्य भरभर म्हण, म्हणाला. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत जोखमीचं वाक्य एका दमात गुंडाळत, तसं. मी उलट ‘तर नाही’च्या आधी क्षणभर थांबले. तीन महिन्यांनी भिजका फोन घेऊन येणाऱ्याला तेवढंच आठवायला हवं.

पहिलं वाचन 33 सेकंदांचं झालं. शेवटी दुकानाचा पत्ता होता. भाचा म्हणाला, नकार गाळ. मी पत्ता गाळला. स्पीकर दुकानाच्या दारावरच तर लागणार होता.