माझ्या लॅपटॉपवर तर चाललं होतं

चाचणी घेतलीच नव्हती असं नाही. घेतली होती, पण चुकीच्या संगणकावर. करसल्लागाराच्या आमच्या छोट्या ऑफिसात संगणकांचं बघणं माझ्याकडे. विंडोजचं मासिक अपडेट आलं की ते मी आधी माझ्या लॅपटॉपवर टाकायचो. लॅपटॉप सुरू झाला, नेट चाललं, एक्सेल उघडलं, की बाकीच्यांनाही द्यायचो. त्या लॅपटॉपला प्रिंटरच जोडलेला नव्हता. मी सगळं पीडीएफ करून पाठवणारा.

९ मार्च २०२१ ला आलेलं विंडोज १० चं KB5000802 असंच पास झालं. मग आमचे जुने क्लार्क, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते म्हणाले, "अरे, प्रिंट दिली की निळा पडदा येतोय." पडद्यावर APC_INDEX_MISMATCH. काही प्रिंटर-ड्रायव्हरांशी त्या अपडेटचं जमत नव्हतं. ऐन मार्चअखेरीस मी एकेका संगणकावरून ते काढत बसलो.

आता पहिला नंबर काकांच्या संगणकाचा. जुना लेझर प्रिंटर, डॉट मॅट्रिक्स, टॅली, डिजिटल सहीचं टोकन, सगळी विचित्र मंडळी तिथेच. "माझ्याच डोक्यावर प्रयोग का?" असं ते म्हणाले, आणि रास्तच होतं. म्हणून आधी पूर्ण बॅकअप घेतो आणि टोकन चालेल असा दुसरा संगणक मोकळा ठेवतो. अपडेट आपल्याकडे मंगळवारी रात्री उशिरा येतं. बुधवारी काका दोन्ही प्रिंटरवर प्रिंट काढतात, टॅलीचा डेटा शेअर फोल्डरमधून उघडतात, टोकनने पोर्टलवर सही करतात. मग शुक्रवारपर्यंत नेहमीचं काम.

बाकीच्या संगणकांवर gpedit.msc मध्ये "Select when Quality Updates are received" इथे ७ दिवस टाकले आणि निर्धास्त झालो. ही दुसरी चूक. ते सात दिवस म्हणजे मंजुरी नव्हे, नुसता उशीर; कुणी अडवलं नाही तर मुदत संपताच अपडेट आपोआप येतं. मार्चमधलंच बघा. दुरुस्ती १५ तारखेला आली, पण ती ऐच्छिक होती, आपोआप येणारी नव्हती. म्हणजे सात दिवस थांबलेल्या संगणकावर १६ तारखेला बिघडलेलं अपडेटच आलं असतं.

त्यामुळे सोमवारी वहीत KB क्रमांकापुढे "हो" किंवा "नाही" लिहितो. "नाही" असेल तर प्रत्येक संगणकावर सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट पॉज करतो. पॉजही जास्तीत जास्त ३५ दिवसांचा. रिसेप्शनच्या संगणकावर विंडोजची होम आवृत्ती आहे, तिच्यात gpedit नाही. तिथे मंगळवारी दुपारीच पॉज करावं लागतं.

एखाद्या त्रुटीचा गैरवापर आधीच सुरू झाल्याची सूचना असेल, तर मात्र शुक्रवारची वाट पाहत नाही. काकांची प्रिंट निघाली, सही झाली, की त्याच दुपारी मुदत शून्यावर आणतो. त्यात एखादा प्रिंटर रुसला तर रुसला.