उजवी बाजू खाली

छातीचा फोटो वाचणं आमच्या नर्सिंगच्या अभ्यासात नव्हतं. फोटो वाचायचा डॉक्टरांनी, आणि तो रुग्णाच्या गादीखालून शोधून राउंडच्या वेळी हजर ठेवायचा सिस्टरने, अशी सरळ वाटणी होती. क्षयाच्या वॉर्डात पोस्टिंग लागलं तेव्हा माझीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती. ती वाटणी मोडली एक्स-रे काढणाऱ्या टेक्निशियन काकांनी. माझ्यावर ज्यांचं ऋण आहे अशा माणसांची यादी मोठी आहे, पण त्यांचं नाव मी सगळ्यात वर लिहीन.

काकांची खोली वॉर्डाच्या टोकाला होती. तेव्हा फिल्म हाताने धुवायची: आधी डेव्हलपर, मग पाणी, मग फिक्सर, पुन्हा पाणी, आणि शेवटी हँगरला लावून वाळवायची. दुपारी फोटो न्यायला गेलं की फिल्म हमखास ओली असे. ती वाळेपर्यंत थांबायचं, आणि थांबलं की काका प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न रोगाचा नसायचाच. "फोटो सरळ आहे का, ते सांग." रुग्ण जरा तिरका उभा राहिला की एक फुफ्फुस विनाकारण जास्त काळं दिसतं. म्हणून गळ्याखालच्या दोन्ही हाडांची आतली टोकं बघायची आणि मणक्याच्या मधल्या रेषेपासून दोन्हींचं अंतर सारखं आहे का ते ताडायचं. मग कोपऱ्यातलं शिशाचं अक्षर. फोटोतला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो, त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. "हृदय कुठल्या बाजूला आहे यावरून बाजू ठरवायची नाही," काका बजावायचे. "जुन्या टीबीत फुफ्फुस आकसतं आणि हृदयाला, श्वासनळीला आपल्याकडे ओढून घेतं. अक्षरच बघायचं."

एकदा त्यांनी एक फिल्म लावली. साखर कारखान्यातला हमाल, वय पस्तिशीचं, दोन महिने खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. मी वरून खाली, खालून वर बघितलं. मला काहीच वेगळं दिसेना. काका म्हणाले, "सगळं एकदम बघू नकोस. फक्त गळ्याच्या हाडांच्या वरचं आणि मागचं बघ. आधी डावीकडचं, मग तेच उजवीकडचं."

फुफ्फुसाचं शेंड्याकडचं टोक तिथे गळ्याच्या हाडामागे आणि पहिल्या बरगडीमागे दडलेलं असतं. मोठ्या माणसाचा क्षय बहुतेक वेळा तिथेच मुक्काम करतो, आणि घाईत बघणाऱ्याची नजर नेमकी तिथूनच घसरते. दोन बाजू ताडून बघितल्यावर फरक कळला. हमालाच्या डाव्या बाजूला हाडाच्या पलीकडे स्वच्छ काळोख होता. उजव्या बाजूला धुरकट पांढुरकं होतं आणि त्यात लिंबाएवढं एक काळं वर्तुळ. त्याची अर्धी कड हाडाखाली गेलेली.

"आता बोट न टेकवता कडेवरून फीर," काका म्हणाले. ही त्यांची खरी शिकवण. दोन बरगड्या एकमेकींना छेदतात तिथेही गोल दिसतो, आणि नवशिका त्यालाच कॅव्हिटी म्हणून मोकळा होतो. कड पकडून फिरायचं. ती बाहेर निसटून बरगडीला जाऊन मिळाली, तर तो गोल फसवा. ती पूर्ण फिरून जागेवर आली, तर आत बघायचं. आत रक्तवाहिन्यांच्या बारीक रेघा दिसल्या तर ते फुफ्फुसच आहे. रेघा नसतील, नुसता काळोख असेल, तर तिथे फुफ्फुस उरलेलंच नाही. क्षयाने सडलेला, चिजासारखा झालेला भाग पातळ होऊन श्वासनलिकेत उतरतो, खोकल्याबरोबर बाहेर पडतो आणि त्याच्या जागी हवा शिरते. पांढरी कड म्हणजे त्या पोकळीची भिंत. हवा मिळाली की जंतू फोफावतात, आणि वाट उघडीच असल्याने प्रत्येक खोकल्याबरोबर बाहेर पडतात. म्हणून अशा रुग्णाची खाट खिडकीजवळ हवी आणि बेडक्याचा डबा झाकणाचा हवा. नियम मला आधीही पाठ होता, त्याचं कारण त्या दिवशी दिसलं.

मग काकांनी शेजारी दुसरी फिल्म लावली. बिडी ओढणारे एक आजोबा. तिथेही वर मोठा काळा गोल होता, पण त्याची कड केसाएवढी बारीक आणि भोवतीचं फुफ्फुस स्वच्छ. ती हवेने फुगलेली जुनी पोकळी होती. हमालाच्या गोलाला जाडसर भिंत होती आणि भोवती कापसाच्या बोळ्यांसारखे ठिपके. "तरी टीबी म्हणायचं नाही," काका म्हणाले. "गळू फुटलं तरी पोकळी होते, कॅन्सर आतून सडला तरी होते. फोटो संशय सांगतो, निकाल बेडका देतो." हमालाच्या बेडक्याचे तीन नमुने गेले आणि तिन्हींत जंतू निघाले.

याची उलट बाजूही त्यांनी सांगून ठेवली होती: पोकळी नाही म्हणून टीबी नाही, असं समजू नये. मधुमेह्याचा डाग कित्येकदा खालच्या भागात असतो. शरीराची लढायची ताकदच गेली असेल तर पोकळी होतही नाही.

हे सगळं सिस्टरला कशाला, असं मी विचारलं होतं. उत्तर त्यांनी दिलं नाही, पण ते मिळालं.

त्या हमालाला औषधं सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. रात्री त्याला खोकल्याची उबळ आली आणि लालभडक, फेसाळ रक्त पडायला लागलं. पोकळीच्या भिंतीतली रक्तवाहिनी झिजून फुटते तेव्हा असं होतं. अशा वेळी माणूस रक्त कमी झाल्याने जाण्याआधी गुदमरून जातो. मोठ्या श्वासनलिकांत कपभर रक्त साचलं तरी पुरतं. डॉक्टर येईपर्यंत करायचं एकच मोठं काम असतं: खराब फुफ्फुस खाली येईल असं कुशीवर वळवायचं, म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही. पण खराब बाजू कुठली?

मला फिल्म शोधावी लागली नाही. डोळ्यांसमोर उजवं टोक होतं, हाडामागचं वर्तुळ होतं. वॉर्डातल्या मामांच्या मदतीने त्याला उजव्या कुशीवर केलं, तोंड खाली झुकतं ठेवलं. "दाबून ठेवू नका, येईल ते बाहेर टाका," म्हटलं. ट्रेमध्ये रक्त धरलं, कारण किती पडलं ते डॉक्टर विचारणारच. ऑक्सिजन लावला. सलाइनसाठी शीर मिळेपर्यंत डॉक्टर आले. त्यांनी कूस बघितली, फिल्म उजेडासमोर धरली आणि न बोलता पुढच्या कामाला लागले. पहाटेपर्यंत रक्त थांबलं.

दुपारी मी काकांना सगळं सांगायला गेले. थोडी ऐटही असावी माझ्या बोलण्यात. त्यांनी पाण्यातून फिल्म उचलली, निथळू दिली आणि विचारलं, "अक्षर बघून ठरवलंस की हृदय बघून?"

"अक्षर बघून."

"बरं," म्हणाले, आणि ती ओली फिल्म माझ्या हातात दिली. "ही सांग. आधी सरळ आहे का?"