दूध करपले, तर ते वाचते का?

वाचकहो, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की पातेल्याच्या तळाशी लागलेले दूध वाचत नाही. वरचे दूध मात्र पुष्कळदा वाचते. ते वाचणार की नाही, हे करपल्याचे लक्षात आल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात आपण काय करतो त्यावर ठरते. करपट वास एकदा सगळ्या दुधात उतरला, की तो काढून टाकणारा कोणताही घरगुती उपाय नाही. तो झाकता येतो, इतकेच.

असे का होते, हे समजून घेतले की पुढचे सारे सोपे होते. दूध सुमारे सत्तर अंशांच्या पुढे तापू लागले, की त्यातील काही प्रथिने आपला मूळ आकार सोडतात आणि तापलेल्या धातूला चिकटतात. दुधातील क्षारही त्यांच्यासोबत बसतात. तळाशी असा पातळ थर जमला, की त्या थराखालची उष्णता वरच्या दुधापर्यंत नीट पोहोचत नाही आणि तो थरच अधिकाधिक तापत जातो. वरचे दूध शंभर अंशांच्या फारसे पुढे जात नाही. तळाचा थर मात्र त्याच्या कितीतरी पुढे जातो. आधी तो पिवळसर होतो, मग तपकिरी आणि शेवटी काळा. तपकिरी होणे हे स्वतः वाईट नाही. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा रंग आणि खमंगपणा खवा भाजण्यातूनच येतो; पण तिथे खवा सतत हलता असतो आणि सगळा सारखा भाजला जातो. पातेल्याच्या तळाशी तोच पदार्थ एका जागी अडकून जळतो आणि त्या जळण्याचा वास दुधात आणि दुधाच्या स्निग्धांशात मिसळतो. म्हणूनच तो गाळून निघत नाही.

आता एका घरची हकिकत सांगतो. संगमनेरला माझी मावशी राहते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर, राहाता, राहुरी, अकोले या पट्ट्यात दुधाचा मोठा व्यवसाय आहे आणि अनेक घरी पिशवीऐवजी जवळच्या गोठ्यातले दूध येते. मावशीकडेही तसेच येते. ब्याऐंशी वर्षांचे काका रोज रात्री कपभर दूध घेत. काही महिन्यांपूर्वी ते अर्धा कप टाकू लागले, मग नकोच म्हणू लागले. वयामुळे अन्नावरची वासना कमी झाली, असे घरातल्या सर्वांना वाटले. सुट्टीला आलेल्या सुनेने एके रात्री तो कप तोंडाला लावला, तेव्हा कारण कळले. दूध करपलेले होते आणि ते बहुधा रोजच करपत होते. मावशीला तो वास येतच नव्हता. काकांना येत होता, पण तिला वाईट वाटेल म्हणून ते बोलले नव्हते.

वयाबरोबर वास घेण्याची शक्ती अनेकांची मंदावते आणि ती इतकी हळूहळू जाते की ज्याची जाते त्याला ते कळत नाही. म्हणून घरातले ज्येष्ठ दूध टाळू लागले, तर भूक मंदावली असे ठरवण्याआधी एकदा त्यांच्याच कपातले दूध चाखून पाहावे. रात्रीचा कपभर दूध हा पुष्कळ ज्येष्ठांच्या आहारातील प्रथिनांचा आणि चुन्याचा एक खात्रीचा भाग असतो. तो नकळत गळून पडणे परवडणारे नाही.

मावशीच्या स्वयंपाकघरात काय घडत होते, ते सुनेने दोन संध्याकाळी नीट पाहिले. लिटरभर दूध पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात, मोठ्या बर्नरवर, पूर्ण आचेवर चढत असे. मावशी देवापुढे दिवा लावायला जाई. स्टीलमध्ये उष्णता बाजूला पसरत नाही. ज्योत जिथे लागते तिथेच बुड भाजून निघते. शिवाय काकांसाठी नाचणीचे पीठ आणि साखर ती दूध तापत असतानाच घालत असे. पीठ लगेच तळाशी बसते आणि दुधापेक्षाही आधी करपते; तळाशी बसलेली साखरही तसेच करते. सकाळचे पातेले नीट घासले न गेल्याने तळावर जुना पिवळट थर उरलेला असे आणि नवे दूध त्यालाच पहिल्यांदा चिकटे.

पूर्वी चुलीला वैल असे. मुख्य जाळावर भाकरी होई आणि बाजूच्या वैलावर दुधाचे पातेले सावकाश तापत राही. तिथे दूध लागण्याचे प्रसंग कमी, कारण आच बेताची आणि पसरलेली. गॅसच्या शेगडीला वैल नाही. ते आपल्यालाच तयार करावे लागते. सुनेने तेच केले. सर्वांत लहान बर्नरवर जुना जाड तवा ठेवला आणि त्यावर जाड बुडाचे पातेले. पातेले आधी गार पाण्याने विसळून तळाशी दोन चमचे पाणी तसेच राहू दिले, म्हणजे पहिले दूध कोरड्या धातूला भिडत नाही. मग दूध ओतले. साधारण पंधरा ते वीस मिनिटांत ते तापते. तोवर सरळ कडेच्या कालथ्याने तीन-चार वेळा तळ खरवडल्यासारखा हलवायचा. गोल चमच्याने वरवर ढवळून उपयोग नाही. हलवताना कालथ्याला तळाशी खरखर लागली, तर थर बसू लागला आहे असे समजावे आणि पुढे तळ खरवडू नये. आच कमी करावी. नाचणी, साखर किंवा डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पूड दूध खाली उतरवल्यावरच घालावी. नाचणी कच्ची घालायची नसते, म्हणून ती वेगळी पाण्यात शिजवून मग दुधात मिसळावी.

गोठ्यातले दूध उकळणे मात्र चुकवू नये. कच्च्या दुधातून जंतूंची लागण होऊ शकते. वर फुगून आल्यावर आच अगदी बारीक करून दोन-तीन मिनिटे उकळू द्यावे, एवढे पुरेसे आहे. पिशवीतले दूध डेअरीत आधीच निर्जंतुक करण्यासाठी तापवलेले असते. ते थंड साखळीत आले असेल तर बराच वेळ उकळत ठेवण्याची गरज नाही आणि जितके कमी उकळाल तितका करपण्याचा धोका कमी. उन्हाळ्यात उशिरा आलेले, किंचित आंबट होऊ लागलेले दूध लवकर तळाला लागते आणि फाटतेही. ते आल्या आल्या तापवावे. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकाचेही तसेच, कारण त्यात चिकटणारी प्रथिने फार असतात.

एवढी काळजी घेऊनही दूध लागलेच, तर पुढील क्रम लक्षात ठेवावा. प्रथम गॅस बंद करावा. दूध ढवळू नये आणि तळ खरवडू नये. करपलेला थर जागच्या जागी राहिला तर वास कमी उतरतो. लगेच दुसऱ्या स्वच्छ पातेल्यात वरचे दूध हळुवार ओतावे आणि तळातले साधारण अर्धा-पाऊण कप दूध मागेच सोडावे. लोभाने ते शेवटचे थेंब ओतले, तर सारे दूध जाते. ओतलेले पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून दूध कोमट होऊ द्यावे, कारण वाफेत नाक फसते. मग चमचाभर चाखावे, आणि शक्य असेल तर घरातल्या तरुण माणसाकडूनही चाखून घ्यावे.

चव स्वच्छ असेल, तर दूध नेहमीसारखे वापरावे. वास जाणवेल न जाणवेल इतका असेल, तर आल्याच्या चहात, कॉफीत किंवा वेलची-जायफळ घातलेल्या मसाला दुधात ते खपते. विड्याचे पान किंवा दालचिनीचा तुकडा टाकून उकळण्याचा उपायही असा झाकण्याचाच आहे. पुन्हा उकळल्याने तर करपट चव वाढू शकते. वास स्पष्ट असेल, तर ते दूध टाकून द्यावे. त्याचे दही लागते, पण दह्यालाही तोच वास येतो. आजारी, अशक्त किंवा अन्न टाळणाऱ्या माणसाला असे दूध नाक दाबून देऊ नये. एका कपाची बचत होते आणि पुढच्या दहा कपांची नावड तयार होते.

एकट्या राहणाऱ्या किंवा वास कमी येणाऱ्या ज्येष्ठांसाठी सर्वांत चांगले साधन म्हणजे दुहेरी भिंतीचा, शिट्टीचा दुधाचा कुकर. त्याच्या दोन भिंतींमध्ये पाणी असते, त्यामुळे दुधाला थेट ज्योत लागत नाही आणि तळ करपत नाही. शिट्टी झाली की गॅस बंद करायचा. दर वेळी भिंतीतले पाणी भरले आहे ना, एवढे मात्र पाहावे. पाणी आटले तर कुकरच जळतो.

शेवटी करपण्यापेक्षा गंभीर गोष्ट. दूध उतू जाऊन ज्योत विझली, तर गॅस वाहत राहतो आणि तो कळण्यासाठी त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. ज्यांना करपलेल्या दुधाचा वास येत नाही, त्यांना तोही येईल असे धरू नका. अशा घरात दूध तापत असताना गजर लावावा, ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी शेगडी असल्यास उत्तम, आणि गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवून घ्यावे. काकांचा कप आता रिकामा होऊन परत येतो. मावशीच्या ओट्यावर दुधाचा कुकर आहे, त्याच्या शेजारी पंधरा मिनिटांचा गजर आहे आणि दिवा लावून झाल्यावर ती आधी शेगडीकडे पाहते.