कासव का जिंकलं?



सातवीतल्या नातीला मराठीच्या बाईंनी गोष्ट लिहायला दिली. म्हण होती, 'हळूहळू पण सातत्याने चालणारा शर्यत जिंकतो.' अट एकच, ससा-कासव नको.

ती म्हणाली, "आजी, आपल्या खारघरच्या मेट्रोवर लिहू? 2011 मध्ये काम सुरू झालं आणि 2023 च्या नोव्हेंबरात गाडी धावली!" मी म्हटलं, "अगं, त्यात हळूहळू आहे, सातत्य कुठंय?"

मग तिने पैसे साठवणाऱ्या मुलाची गोष्ट सुचवली. पण ती 'थेंबे थेंबे तळे साचे'ची झाली. तिथे शर्यत लागत नाही. इथे बरोबरीचा कुणीतरी हवा, आणि तो वेगवान हवा.

खरी अडचण पुढेच आहे. ससा हरतो तो झोपला म्हणून. तो जागा राहिला असता तर कासवाच्या सातत्याचं काय झालं असतं? म्हणून मी तिला म्हटलं, तुझ्या सशाला झोपवू नकोस. तो हरायला हवा तर त्याच्या घाईमुळेच हरू दे.

विषय घरातच सापडला. पाठशाळेत भक्तामर स्तोत्राची पाठांतर स्पर्धा, दोन महिन्यांची मुदत, अठ्ठेचाळीस श्लोक. गोष्टीतली मीरा हुशार. रोज सहा श्लोक करते, आठ दिवसांत संपवते आणि सगळ्यांची शाबासकी घेते. रेवा रोज एकच श्लोक घेते, पण आधी मागचे सगळे म्हणते. मध्ये तीन दिवस ताप येतो. तेव्हा नवा श्लोक बंद, आजीकडून जुने नुसते ऐकायचे. हिशेब माझा कॉमर्सवाला: अठ्ठेचाळीस अधिक तीन, एक्कावन्न दिवस. हे आकडे गोष्टीत घालायला लावले, नाहीतर 'ती रोज मेहनत करी' एवढ्यावरच मुलं भागवतात.

स्पर्धेच्या दिवशी काय होतं? स्तोत्राचे सगळे श्लोक एकाच वृत्तात, वसंततिलकात आहेत. चाल तीच, त्यामुळे कच्चं पाठांतर असलं की एका श्लोकाचा अर्धा भाग दुसऱ्याला नकळत जोडला जातो आणि जीभ पुढे निघून जाते. मीराचं नेमकं तेच होतं. तिला सगळे श्लोक येतात, पण क्रम घसरतो. पहिला श्लोक रेवाने तोवर पन्नासएक वेळा म्हटलेला असतो.

मीराला आळशी किंवा गर्विष्ठ करायचं नाही, हे नातीला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. "मग ती हरेल कशी?" हाच तिचा प्रश्न. उजळणीची वही मीराने उघडलीच नव्हती, एवढं एक वाक्य घातल्यावर ती गप्प झाली.

आता वाद उरलाय तो शेवटच्या ओळीचा. ती म्हणते, 'तात्पर्य' लिहिलं नाही तर बाई गुण कापतील. मी म्हणते, रेवा व्यासपीठावरून उतरली, तिथेच पेन ठेव. वही उद्या द्यायची आहे.