शंभर भरलेली माती

माती तपासायला मी महाविद्यालयात शिकले. पण तपासणीचा अहवाल लिहायला शिकले शिंदे की छावनीत, आमच्या शेजारच्या सरांकडे. ते प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. परीक्षेआधी प्रॅक्टिकलची वही घेऊन मी त्यांच्याकडे जात असे.

मुरारपलीकडच्या एका शेतातल्या मातीचा पोत काढायचा होता. पन्नास ग्रॅम माती कॅल्गनच्या पाण्यात घुसळून, लिटरच्या नळकांड्यात भरून, हायड्रोमीटर सोडला. चाळीस सेकंदांनी २४, दोन तासांनी १२. पहिलं वाचन गाळ आणि चिकणमाती मिळून, दुसरं फक्त चिकणमातीचं. कॅल्गनचे ४ वजा केले : वाळू ६०, गाळ २४, चिकणमाती १६. पोताच्या त्रिकोणात वालुकामय पोयटा.

सरांनी विचारलं, "पाणी किती गरम होतं?" एप्रिलातलं ग्वाल्हेर, पाणी ३५ अंशांवर होतं. हायड्रोमीटर २० अंशांना बेतलेला असतो. गरम पाणी पातळ, त्यात तो जास्त बुडतो आणि वाचन कमी दाखवतो. दर अंशाला ०.३६ मिळवायचे, म्हणजे इथे ५.४. पुन्हा मांडल्यावर वाळू ४९.२, गाळ २४, चिकणमाती २६.८. माती वालुकामय चिकण पोयट्यात गेली.

"गाळ बघ, जागचा हलला नाही," सर म्हणाले. गाळ ही दोन वाचनांमधली वजाबाकी, त्यामुळे त्यात उष्णतेची चूक कटून जाते. चिकणमातीचे जेवढे टक्के हरवतात, तेवढे वाळूच्या खात्यावर चढतात. बेरीज दोन्ही वेळा शंभरच! बेरजेवर विसंबणाऱ्याला ही चूक कधीच दिसणार नाही.

मग त्यांनी तीच माती ओली करून अंगठा नि बोटामध्ये दाबत पट्टी काढली. ती खरखरीत होती, पण तीनेक सेंटीमीटर लांब होऊन मग तुटली. वालुकामय पोयट्याची पट्टी एवढी टिकत नाही. त्या दिवसापासून यंत्राआधी मी बोटांनी बघते.

सामूचं त्यांनी पटकन आटोपलं : ८.१, पुढे "१ : २.५, पाण्यात" असं लिहून घेतलं, कारण पाणी वाढवलं की आकडा बदलतो. सेंद्रिय कर्बावर मात्र ते थांबले. वॉकली-ब्लॅक पद्धतीत डायक्रोमेट सगळा कर्ब जाळत नाही, सुमारे ७७ टक्केच जाळतं; म्हणून काही जण उत्तराला १.३ ने गुणतात. आमचं उत्तर ०.४१, गुणल्यावर ०.५३. अर्ध्या टक्क्याच्या खाली "कमी", वर "मध्यम". तीच माती, तोच फ्लास्क, आणि शेतकऱ्याला सल्ला मात्र वेगळा.

सरांनी माझं पेन घेतलं आणि ०.४१ पुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "१.३ न लावता." ही सवय मला त्यांनी दिली. आज माझ्या सहीने जाणाऱ्या प्रत्येक अहवालात पाण्याचं तापमान आणि हा शेरा असतो.