आबांचा फेटा

आबांचा आमच्या घरात एकच धड फोटो आहे. १९९१ साली नव्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा तालुक्याच्या स्टुडिओतला फोटोग्राफर बोलावून काढलेला. चार बाय सहा इंचाचा, रंगीत, आता कडेनं पिवळट पडलेला. पडवीपुढं बाकड्यावर आबा, त्यांच्या मांडीवर दोन वर्षांचा माझा पुतण्या, शेजारी आई. मागं आम्ही बाकीचे आठजण उभे. एका कडेला, कुणी न बोलावता, म्हशीचं तोंड.

मांडीवरचा तो पुतण्या आता पुण्यात नोकरीला आहे. त्याला सहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. दिवाळीला पोरं गावी आली की रंगाचे खडू घेऊन सोप्यात पसरतात. विकतच्या रंगवायच्या पुस्तकात हत्ती, जहाज, परी, नाहीतर बर्फातलं घर. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही एवढी वर्षं ड्रॉइंग शिकवलंत. आपल्याच फोटोचं एक रंगवायचं पान करूया की. पोरांनी पणजोबाला बघितलेलंच नाही."

पहिला प्रयत्न त्यानंच केला. फोटो मोबाईलवर उतरवला, लॅपटॉपवर जिम्पमध्ये घेतला, `Edge-Detect` लावलं, मग `Threshold` वर सरकपट्टी मागं-पुढं करत काळं-पांढरं केलं. पाच मिनिटांत कागद छापायला तयार. आईनं चष्मा लावून पान बघितलं आणि म्हणाली, "ह्यात तुमचं आबा कुठं हाईत? ही सगळी मुंग्या लागल्यागत दिसाय लागलीत."

आईचं बरोबर होतं. त्या पानात तिच्या पातळाची नक्षी हजार ठिपक्यांची झाली होती. पडवीच्या पत्र्याची सावली आबांच्या छातीवर तिरकी पडली होती. तिथं एक ठसठशीत रेघ आली होती, जणू सदरा तिथं फाडलाय. आणि डोक्यावरचा पांढरा फेटा मागच्या चुन्याच्या भिंतीत विरघळून गेला होता. आबा बोडके झाले होते. आमच्या आबांना झोपतानाशिवाय कुणी बोडकं बघितलं नसेल.

यात यंत्राचा दोष काही नाही. फोटोत मुळात रेघ नसतेच. फोटोत असतो उजेड आणि अंधार. यंत्र एवढंच बघतं, की उजेड कुठं एकदम बदलला. तिथं ते रेघ ओढतं. सावलीची कड त्याला दिसते, पण ती वस्तूची कड नाही. पांढऱ्यावर पांढरं असलं की वस्तूची कड असूनही दिसत नाही. सरकपट्टी एकीकडं नेली तर मुंग्या वाढतात, दुसरीकडं नेली तर नाक-डोळे जातात. मी पोरसवदा असताना बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हाताखाली डबे धुवायचो. तो म्हणायचा, "उन्हाची रेघ येगळी आणि जिन्नसाची रेघ येगळी. ऊन फिरलं की हालती ती रेघ काढायची न्हाई." रंगवायच्या पानाचा सगळा धर्म त्या एका वाक्यात आहे. म्हणून ट्रेसिंगचा कागद आणून हातानं करायचं ठरवलं.

आधी प्रश्न आला मापाचा. मूळ फोटोत आबांचा चेहरा हनुवटीपासून फेट्याच्या कडेपर्यंत आठ मिलिमीटर. अख्खा फोटो ए-फोर कागदावर बसवायचा तर झेरॉक्सवर १८० टक्के मोठा करता येतो. मग चेहरा होतो साधारण चौदा मिलिमीटर. एवढ्या जागेत दोन डोळे, नाक, मिशा काढल्या की लहान पोराच्या खडूला जागा उरत नाही. चेहरा निदान एक इंच तरी हवा. म्हणजे अकराजण एका पानावर बसणार नाहीत. झेरॉक्सवाल्याकडून फोटो आधी २०० टक्के करून घेतला, त्यातला हवा तो भाग पुन्हा १८० टक्के. दोन्ही मिळून मूळच्या ३६० टक्के. चेहरा आता एकोणतीस मिलिमीटरचा झाला. पण आडव्या पानावर मूळ फोटोचा फक्त पावणेआठ सेंटिमीटर रुंद आणि सव्वापाच सेंटिमीटर उंच तुकडा मावत होता. त्यात आबा, आई, मांडीवरचं पोर आणि म्हशीचं तोंड एवढेच आले. मागचे आम्ही सगळे गेलो. उरल्या त्या फक्त पोटावरच्या गुंड्या. त्याही मी काढल्या नाहीत, मागं मोकळी भिंत ठेवली.

सकाळी पूर्वेच्या खिडकीच्या काचेवर झेरॉक्स चिकटवली. तिच्यावर ट्रेसिंगचा कागद, पण चिकटपट्टी फक्त वरच्या कडेला. म्हणजे कागद वर उचलून खालचं बघता येतं. झेरॉक्स मुद्दाम फिकी मागितली होती. गडद असली की सावलीतला चेहरा नुसता काळा डाग होतो आणि काचेमागून उजेड आला तरी आतलं दिसत नाही.

पेन्सिलीनं आधी बाहेरची कड काढली. डोकं, खांदे, हात, कोण कुणाच्या पुढं बसलंय ते. मग कपड्यातल्या रेघा. सदऱ्याची पट्टी, बाही, कॉलर घेतली, चुण्या सोडल्या. पातळाचा काठ दोन रेघांत घेतला आणि नक्षी सोडली. छातीवरची सावली अर्थातच सोडली. चेहऱ्यात सगळ्यात कमी रेघा. नाकाची बाजू काढली की नाक सोंडेसारखं होतं. नाकाच्या बुडाशी एक छोटी वळणाची रेघ पुरते. पोर हसत होतं, त्याचे दात वेगळे वेगळे काढले असते तर ते राक्षसाचं झालं असतं. दातांची एकच पांढरी पट्टी ठेवली. आबांच्या सुरकुत्या घेतल्या नाहीत. माणूस ओळखू येतो तो सुरकुत्यांनी नाही. आबांचे कान बाहेर आलेले, डावा खांदा किंचित उतरलेला, आणि मिशांची टोकं खाली. ही तीन वळणं जशीच्या तशी आली की बाकी चेहरा जवळजवळ मोकळा सोडला तरी चालतो.

फेट्यापाशी अडलं. झेरॉक्सवर तिथं कोरा कागद. मूळ फोटो भिंगाखाली धरला तेव्हा फेट्याचा पांढरा किंचित निळसर दिसला, आई फेटे निळीत घालायची म्हणून. त्या निळसरपणावरून डाव्या बाजूची कड लागली. उजवी बाजू तरीही हरवलेलीच. आईला विचारलं. तिनं हवेत हात फिरवून दाखवलं, "हितनं पीळ यायचा, आणि शेमला कानामागनं म्होरं." मी तिच्या हाताकडं बघून रेघ काढली. ती रेघ फोटोत नाही, पण खोटीही नाही.

दुसरी अडचण आईच्या कपाळाची होती. रंगवायच्या पानात कुठलीही बंद जागा करंगळीच्या नखाहून लहान असू नये. मेणाच्या खडूचं टोक झिजून बोथट होतं, त्याहून लहान जागा चार वर्षांच्या पोरीला भरताच येत नाही. ती चिडून पान टाकून देते. आईचं कुंकू मोठं केल्यावरही पाच मिलिमीटरच भरत होतं. एवढं लहान गोल काढायचं तर काळंच भरावं लागतं. मग ते कुंकू न दिसता तीट दिसते. नाही काढलं तर कपाळ मोकळं.

आबांना जाऊन अठरा वर्षं झाली. तेव्हापासून आईचं कपाळ मोकळंच आहे. २०२२ च्या मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी पेपर वाचून दाखवला होता. आईनं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. त्यामुळं आता विचारताना माझी जीभ अडखळली. म्हटलं, "आई, कपाळाचं काय करू?"

ती बघत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी हुतं न्हवं कपाळाला? मग काढ की. आणि मोठं काढ. पोरीला भरता आलं पायजे."

कुंकू नऊ मिलिमीटरचं काढलं.

मग शाई. बाहेरच्या कडेला जाड मार्कर, साधारण दीड मिलिमीटरची रेघ. चेहऱ्याच्या आत बारीक स्केचपेन. दोन्ही एकाच जाडीच्या असल्या की पोराला कळत नाही कुठं थांबायचं. ट्रेसिंगच्या कागदावर शाई लवकर वाळत नाही, तळव्यानं फासते. म्हणून डावीकडून उजवीकडं आलो आणि हाताखाली कोरा चिठोरा ठेवला. वाळल्यावर पेन्सिल खोडली. मग कागद उलटा, म्हणजे डोकी खाली करून धरला. उलट्या चित्रात आपण माणसं बघत नाही, फक्त रेघा बघतो. कुठं रेघ जुळायची राहिलीय ते लगेच दिसतं. म्हशीच्या शिंगापाशी आणि पोराच्या कोपरापाशी दोन फटी सापडल्या, त्या बुजवल्या.

झेरॉक्सवाल्याला सांगितलं, मागं कोरा कागद लावून काचेवर ठेव, आपोआप ओढणाऱ्या खाचेतून घालू नकोस. तिथं ट्रेसिंगचा कागद चुरगळतो. पहिल्या प्रतीवर चिकटपट्टीच्या कडेची सावली आणि खोडलेल्या पेन्सिलीचा राखाडी डाग आला. त्यावर व्हाइटनर लावला आणि त्या प्रतीवरून वीस प्रती काढल्या. घरच्या शाईच्या प्रिंटरपेक्षा झेरॉक्स बरी पडते. पोरांनी पाण्याचे रंग घेतले तरी तिची रेघ सहसा फुटत नाही. कागद मात्र पातळ असल्यानं फुगतो, म्हणून खडूच बरे.

फोटो न दाखवता पहिलं पान शेजारच्या म्हाताऱ्याला दाखवलं. त्यानं एकदा बघितलं आणि म्हणाला, "शेमला बघ कसा सोडलाय. दुसरा कोण असणार?"

पोरांनी दिवाळीचे चार दिवस पानं रंगवली. थोरल्यानं म्हैस जांभळी केली आणि बापाला, म्हणजे मांडीवरच्या पोराला, हिरवी मिशी काढली. फेटा त्यानं पांढराच सोडला. भिंत मात्र निळी केली, त्यामुळं फेटा उठून दिसला. धाकटीनं कुंकू तांबड्या खडूनं दाबून दाबून भरलं. थोडं रेघेबाहेर गेलं, भुवईपर्यंत. आईनं ते पान मागून घेतलं आणि देव्हाऱ्याच्या फळीवर, पंचांगाखाली ठेवलं. ट्रेसिंगचा कागद मी गुंडाळी करून पत्र्याच्या नळीत ठेवलाय. पावसाळ्यात तो दमट होऊन वाकडा होतो, आणि आबांचा शेमला पुन्हा तसाच येईल याची मला खात्री नाही.