कस्टर्ड, मंद आच आणि आमची ही

बेळगावच्या जुन्या आठवणी मी इथे अधूनमधून लिहीत असतो. आज जरा स्वयंपाकघरातलं लिहितोय. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसानं कस्टर्डवर लिहावं याचं हसू आलं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या हिचं घशाचं ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा गिळताना दुखायचं. पाणी, चहा, पातळ काही दिलं की ठसका लागायचा आणि घट्ट गेलं तर अडकायचं. डॉक्टर म्हणाले, मऊ द्या, गुळगुळीत द्या, पण पातळ नको, आणि अंगात ताकद येईल असं द्या. पेज, खिमट, दुधात कुस्करलेली केळी असं पंधरा दिवस चाललं. मग तिनं चमचा बाजूला सारायला सुरुवात केली. वजन उतरत चाललं होतं. तेव्हा मला मडगावची आठवण झाली.

मडगावला माझी बदली झाली होती. घरमालकीणबाई ख्रिश्चन, वयस्क, त्यांना आम्ही सगळे बाय म्हणायचो. रविवारी त्या कस्टर्ड करायच्या आणि एक वाटी मला यायची. तोवर कस्टर्ड म्हणजे डब्यातली पिवळी पावडर, दूध उकळायचं, पावडर ढवळायची, फळं घालायची, एवढंच मला ठाऊक. त्या पावडरीत अंडं नसतंच, मक्याचं पीठ असतं. ती काढली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं १८३७ साली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. पिठाचं कस्टर्ड उकळावंच लागतं, नाहीतर कच्चं लागतं. अंड्याचं कस्टर्ड उकळलं की संपलं. बाय चुलीपुढे स्टुलावर बसून लाकडी चमचा फिरवत म्हणायच्या, "उजो ल्हान, बाब, ल्हव ल्हव." आच लहान, हळूहळू. मी वाटी चाटून परत द्यायचो. कृती नीट पाहिली नाही, त्याची सजा पुढे भोगली.

आमच्या घरात अंडं येत नव्हतं. हिला विचारलं. ती म्हणाली, "आणा तर खरं. भांडं मात्र वेगळं." भांडं वेगळं घेतलं, पण पातळ बुडाचं स्टीलचं पातेलं घेतलं. अर्धा लिटर दूध तापवलं, त्यात पाच अंड्यांतलं पिवळं फेटून ओतलं आणि मध्यम गॅसवर ढवळत राहिलो. फोन वाजला म्हणून दोन मिनिटं हात थांबला असेल. परत येऊन पाहतो तर खाली गोळे आणि वर पिवळं पाणी. हिनं आत डोकावून पाहिलं. आवाज जेमतेम निघत होता, तरी म्हणाली, "अहो, भुर्जी झाली की." ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली, पण पोटात काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी इतका घाबरलो होतो की आच जवळजवळ नव्हतीच. पाऊण तास ढवळलं, दूध पिवळं झालं, घट्ट काही झालं नाही. एक चमचा दिला, ठसका लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे कमी आणि जास्त दोन्हीकडे खड्डा आहे, आणि मधली वाट अरुंद आहे.

मुलानं स्वयंपाकाचा थर्मामीटर पाठवला आणि मी ती वाट मोजून काढली. पिवळ्यातली प्रथिनं म्हणजे गुंडाळलेले दोरे समजा. ऊब लागली की ते सुटतात, एकमेकांत अडकतात आणि त्या सैल जाळ्यात दूध धरून ठेवतात, तेच दाटपण. आणखी तापलं की जाळं आवळतं, चक्क्याचं फडकं पिळावं तसं पाणी बाहेर टाकतं, आणि हाती गोळे राहतात. नुसतं पिवळं ७० अंशांच्या आतच थिजतं. दूध आणि साखर मिसळली की दोरे लांब लांब राहतात, म्हणून कस्टर्ड ७५ च्या पुढे दाटायला लागतं, ८० ला छान येतं, आणि ८५ च्या आसपास फाटतं. म्हणजे सारा व्यवहार पाच-सात अंशांचा. पातळ पातेल्याच्या बुडाशी आच थेट लागते, तिथं ते कधीच ओलांडलेलं असतं, वर मात्र काही दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी असं केलं. मोठ्या पातेल्यात दोन बोटं पाणी, आणि त्यावर जाड वाडगं असं ठेवलं की त्याचं बूड पाण्याला लागणार नाही. पाणी खळखळू द्यायचं नाही, नुसतं हलतं ठेवायचं. पाच पिवळे आणि चार मोठे चमचे साखर एकत्र येताच लगेच फेटली. साखर पिवळ्यावर तशीच पडू दिली तर ती त्यातलं पाणी ओढते आणि बारीक कडक कण होतात, ते पुढे मोडत नाहीत. दूध वेलचीसोबत कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवलं आणि ते पिवळ्यात ओतलं, पिवळं दुधात नाही. आधी एक पळी, बारीक धारेनं, फेटता फेटता, मग उरलेलं. असं केलं की पिवळं एकदम भाजत नाही.

मग वाडग्यात घालून चपट्या लाकडी उलथण्यानं ढवळणं. नुसतं गोल फिरवून भागत नाही, बूड आणि कडा खरवडाव्या लागतात. पहिली सात-आठ मिनिटं काहीच होत नाही. हीच घातकी मिनिटं, इथेच माणूस गॅस मोठा करतो. मग वरचा फेस हळूहळू विरतो, वाफ दिसू लागते, आणि चमचा जड लागतो. उलथण्याच्या पाठीवर थर बसतो. त्यावर बोटानं रेघ ओढली आणि ती बुजली नाही की झालं. थर्मामीटर ८० दाखवत होता.

तेवढ्यावर थांबलो असतो तर पुन्हा फसलो असतो, कारण गरम वाडग्यात ते शिजतच राहतं. गाळणी आणि गार भांडं आधीच मांडून ठेवलं होतं, लगेच गाळून काढलं. बँकेत असताना मी कॅश मोजण्याआधी शिक्के मांडून ठेवायचो, तीच सवय. गाळलेलं त्या वेळी पातळच वाटतं, गार झालं की घट्ट होतं. फ्रिजमध्ये दोन दिवसांच्या आत संपवायचं.

पुढे एकदा कडेला बारीक दाणे दिसू लागले होते. ताबडतोब उतरवून गार भांड्यात ओतलं, दोन चमचे गार दूध घालून रवीनं जोरात घुसळलं आणि गाळलं. वाचलं. पाणी सुटेपर्यंत फाटलं तर मात्र काही उपाय नाही.

तिसऱ्या दिवशीच्या वाटीतला पहिला चमचा मी हातात धरून बसलो होतो, ठसक्याची वाट बघत. आला नाही. तिनं दुसरा स्वतः घेतला. अर्धी वाटी संपवून म्हणाली, "वेलची जास्त झालीय." दुसऱ्या दिवशी कमी घातली. सव्वा महिना रोज तेच केलं. पांढरं शेजारच्या मुलाला ऑम्लेटला द्यायचो, त्याची आई अजून विचारते, काका, आता अंडी का आणत नाही?

ही आता भाकरी खाते. वेगळं भांडं अजून वरच्या फळीवर आहे, तिनं काढू दिलेलं नाही.